९१ वर चालणाऱ्या इंजिनाला ९५ पाजून नेमकं काय मिळतं?

चक्रधर

चार सिलिंडर, १.२ लिटर, टर्बो नाही, पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये फवारणारं साधं इंजिन. कॉम्प्रेशन रेशो १०:१. मालकाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, 'किमान ९१ ऑक्टेन'. पंपावर ९५ मिळतं, आणि ते टाकणारे दोनच गोष्टी सांगतात: पिकअप वाढतो आणि ॲव्हरेज वाढतं.

माझं मत असं की या इंजिनात दोन्ही वाढण्याचं काही कारण नाही. पण नुसतं मत मांडून उपयोग नाही. ऑक्टेन वाढल्यावर इंजिनाच्या आत अशी कोणती गोष्ट बदलते, जिच्यातून ताकद येऊ शकेल? कोणाला एखादी वाट दिसत असेल तर ती सांगा, आणि ती या इंजिनात उघडी आहे की बंद, तेही सांगा. 'गाडी स्मूथ वाटते' हे उत्तर कृपया नको.

---

नीलकांत

वाट आहे ना. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सावकाश जळतं. सावकाश जळल्यामुळे पिस्टनला अचानक दणका न बसता खालपर्यंत सारखा रेटा मिळतो, आणि पेट्रोल पूर्ण जळतं. शिवाय आता सगळ्या गाड्यांना नॉक सेन्सर असतो. चांगलं पेट्रोल मिळालं की इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठिणगीचं टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ताकद वाढलीच.

---

दहाबाराचा पाना

नीलकांत, तुमचं नॉक सेन्सरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येतो. सावकाश जळण्याचं मात्र सोडून द्या. ज्योत किती वेगाने पसरते हे हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर, सिलिंडरमधल्या घुसळणीवर, दाबावर आणि तापमानावर ठरतं. पंपावरच्या ९१ आणि ९५ मध्ये त्या वेगाचा म्हणण्यासारखा फरक नसतो. आणि 'पूर्ण जळतं' म्हणाल, तर गरम झालेल्या, धड चालणाऱ्या इंजिनात ९१ सुद्धा जवळजवळ सगळं जळतं. न जळलेला भाग इतका थोडा असतो की तिथून पिकअप काढायला जागाच नाही.

आता चक्रधर यांचा प्रश्न. प्लगची ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडते. समजा २५ अंश आधी पडली. ज्योत प्लगपासून कडेकडे सरकायला लागते, तोवर पिस्टन सगळ्यात वरचं टोक, म्हणजे टीडीसी, ओलांडून खाली निघालेला असतो. टीडीसीनंतर ८-१० अंशांवर अर्धा चार्ज जळलेला असावा आणि सर्वात जास्त दाब साधारण १५ अंशांच्या आसपास यावा, की क्रँकला सगळ्यात चांगला रेटा मिळतो. ठिणगी त्याहून आधी पाडली तर वर येणारा पिस्टनच अडतो, उशिरा पाडली तर बराचसा दाब वाया जातो. म्हणजे प्रत्येक आरपीएमला आणि प्रत्येक लोडला ठिणगीची एक सर्वोत्तम वेळ असते. ही वेळ ऑक्टेनवर ठरत नाही.

मग ऑक्टेन कुठे येतं? ज्योत पुढे सरकते तेव्हा जळून फुगलेला वायू समोरच्या न जळलेल्या मिश्रणाला दाबतो. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण सर्वात जास्त दाबलं आणि तापवलं जातं. ज्योत पोचेपर्यंत ते टिकलं तर सगळं सुरळीत. नाही टिकलं तर ते आपणहून, एकदम पेटतं. दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात आणि आपल्याला टकटक ऐकू येते, तेच नॉकिंग. ऑक्टेन म्हणजे त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाचा धीर, एवढंच.

तुमच्या इंजिनात ९१ चा धीर ज्योत येईपर्यंत पुरत असेल, तर ९५ चा जादा धीर वापरलाच जात नाही. ज्योत आली, सगळं जळून गेलं, दाबाचा आलेख तोच. आलेख तोच म्हणजे टॉर्क तोच.

---

रेवा

पण ९५ मध्ये एनर्जी जास्त असते ना? महाग असतं म्हणजे काहीतरी जास्त असणारच.

---

दहाबाराचा पाना

नाही, रेवाताई. दोन्हींत लिटरमागे सुमारे ३२ मेगाज्यूल. त्यात थोडा फरक पडतो तो त्या खेपेच्या पेट्रोलमध्ये कोणकोणते घटक किती आहेत त्यावर, आणि तो कधी ९५ च्या बाजूने असतो, कधी ९१ च्या.

हा आकडा काढतात कसा ते पाहिलं की गोंधळ राहत नाही. एक-सिलिंडरचं चाचणीचं इंजिन असतं, त्याचं कॉम्प्रेशन चालू असतानाच कमी-जास्त करता येतं. त्यात आपलं पेट्रोल घालून नॉकिंग एका ठरावीक पातळीला आणतात. मग आयसो-ऑक्टेन आणि हेप्टेन यांचं कोणतं मिश्रण तितकंच नॉक करतं ते शोधतात. ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकं नॉक केलं की ते पेट्रोल ९१. १९२६ पासून ही मोजपट्टी अशीच आहे. या सगळ्यात उष्णता कुठेच मोजलेली नाही. जास्त पैसे पडतात ते रिफायनरीत तो धीर वाढवायला.

---

बाबूराव_ब

मी तर ऐकलंय की अमेरिकेत साध्या गाड्या ८७ वर चालतात. म्हणजे आपण ९१ टाकतो तेच आधीच जास्त झालं?

---

गिअरवाला

बाबूराव, ती पट्टी वेगळी. इथे धाग्यात जो ९१ म्हणतायत तो रिसर्च पद्धतीचा आकडा: चाचणीचं इंजिन ६०० आरपीएमवर, आत जाणारी हवा तुलनेने थंड. दुसरी मोटर पद्धत जास्त कडक: ९०० आरपीएम आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. त्यामुळे त्याच पेट्रोलचा आकडा कमी येतो. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. रिसर्चचा ९१ तिकडे साधारण ८७ होतो. पेट्रोल तेच, आकडा वेगळा. पुस्तकात कोणती पट्टी लिहिलीय ते पाहून मगच पंपावरच्या आकड्याशी ताडायचं.

---

नीलकांत

ठीक, सावकाश जळण्याचं मागे घेतो. पण नॉक सेन्सरचं काय? तुम्ही म्हणता सर्वोत्तम वेळ ऑक्टेनवर ठरत नाही. पण त्या वेळेपर्यंत पोचता येतं की नाही, हे तर ऑक्टेनवर ठरतं! ९१ वर ईसीयू टायमिंग मागे खेचून बसला असेल तर ९५ वर ते सोडेल.

---

दहाबाराचा पाना

आता मुद्द्यावर आलात. चक्रधर विचारत होते ती एकमेव वाट हीच.

ईसीयूमध्ये एक तक्ता असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक चौकटीत ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पाडायची तो आकडा. हा तक्ता इंजिन बनवणाऱ्याने डायनोवर भरलेला असतो, आणि ज्या पेट्रोलसाठी गाडी विकायची तेच पेट्रोल घालून भरलेला असतो.

चक्रधर यांच्यासारख्या इंजिनाची एक चौकट घेऊ, आकडे अंदाज यावा म्हणून. २५०० आरपीएम, ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला. सर्वोत्तम वेळ समजा ३२ अंश. आत हवा कमी, दाब कमी, कोपऱ्यातलं मिश्रण निवांत आहे. नॉकिंग सुरू व्हायला ४० च्या पुढे जावं लागेल. म्हणून तक्त्यात ३२ लिहिलेत. आता ९५ घातलं तर नॉकिंगची हद्द आणखी लांब गेली, पण तक्त्यात ३२ च राहणार आणि राहायलाच हवेत, कारण ३४ केलं तर टॉर्क उलट कमी होतो. रोजच्या चालवण्यात इंजिन बहुतेक वेळ असल्याच चौकटींत असतं.

दुसरी चौकट: २००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, चढावर. सर्वोत्तम वेळ समजा १६ अंश, पण ९१ वर १५ च्या पुढे नॉकिंग सुरू होतं. मग बनवणारा थोडी सुरक्षित जागा सोडून तिथे १४ लिहितो. नॉक सेन्सरने टकटक पकडली तर ईसीयू त्या १४ मधून दोन-तीन अंश मागे येतो आणि आवाज थांबला की हळूहळू परत चढतो. चढतो तो १४ पर्यंतच. ९१ साठी भरलेल्या तक्त्यात १४ हे छत आहे. ९५ घातलंय म्हणून १५, १६ करून बघण्याची परवानगी त्याला सहसा दिलेली नसते.

आणि समजा दिली असती, तरी १४ चे १६ झाल्याने मिळालं काय असतं? सर्वोत्तम वेळेजवळ टॉर्कचा आलेख सपाट असतो. दोन-तीन अंश मागे राहिलं तर टॉर्क जेमतेम एखादा टक्का जातो. दहा अंश मागे गेलं की मग नीट जाणवतं.

---

नीलकांत

'सहसा' म्हणालात. म्हणजे काही गाड्यांत दिलेली असते.

---

दहाबाराचा पाना

असते. काही उत्पादक दोन तक्ते ठेवतात, साध्या आणि चढ्या पेट्रोलसाठी, आणि ईसीयू नॉकिंग पाहून दोन्हींच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतो. पण असं इंजिन फक्त साध्या पेट्रोलसाठी बनवलंय असं म्हणता येत नाही. त्यांच्या पुस्तकात बहुधा तसं लिहिलेलंही असतं: शिफारस ९५, चालेल ९१.

---

सौदामिनी

माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत अगदी हेच लिहिलंय! '९५ शिफारस, किमान ९१.' टर्बो आहे, डायरेक्ट इंजेक्शन. मग मी ९५ टाकते ते वाया जातंय का? धागा वाचून घाबरायला झालं.

---

गिअरवाला

सौदामिनीताई, तुमची गाडी या धाग्याच्या प्रश्नात येतच नाही. टर्बो आधीच हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे पूर्ण लोडवर तुमचं इंजिन नॉकिंगच्या हद्दीला टेकूनच चालतं. ९१ टाकलं तर ईसीयू टायमिंग बरंच मागे घेईल, कदाचित बूस्टही कमी करेल. इंजिन वाचेल, पण ब्रोशरमधली ताकद मिळणार नाही आणि उन्हाळ्यात चढावर जास्त पेट्रोल खाईल. तुम्ही ९५ च टाका. सपाट रस्त्यावर आरामात जाणार असाल तर तुम्हालाही फरक कळणार नाही, ते वेगळं.

---

जुना कार्बोरेटर

एअर-कूल्ड मोटरसायकलबद्दल कोणी बोललंच नाही. कार्बोरेटर, सीडीआय, कॉम्प्रेशन ९.५:१, नॉक सेन्सर नाही. तिथे तर प्रश्नच मिटतो. सीडीआयला फक्त आरपीएम कळतो, ठिणगी किती अंशांवर पाडायची ते त्यात कोरलेलं. टाकीत ९१ आहे की ९५ हे कळायचा त्याला मार्गच नाही. जी गोष्ट बदलूच शकत नाही, तिच्यातून ताकद कुठून येणार? तरी ९५ ची सर्वात जास्त तारीफ याच गाड्यांच्या मालकांकडून येते, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

---

रेवा

मग त्यांचं ॲव्हरेज वाढतं ते खोटं म्हणायचं का? लोक टाकी फुल्ल करून, किलोमीटर लिहून मोजतात.

---

जुना कार्बोरेटर

खोटं बोलत नाहीत, मोजमापात घोळ असतो. मोटरसायकलमध्ये एका वेळी समजा ८ लिटर भरलं. पंपाचा नोझल आपोआप बंद होतो तो नेमक्या त्याच पातळीला होत नाही. गाडी साइड स्टँडवर की मेन स्टँडवर, भरण्याचा वेग किती, फेस किती आला, यावर अर्धा लिटर सहज इकडे-तिकडे होतो. ८ मध्ये अर्धा म्हणजे ६ टक्के. ६० चं ॲव्हरेज इथेच ५६ ते ६४ मध्ये कुठेही दिसेल. ऑक्टेनमुळे मिळालं म्हणतात तो फरक एवढाच असतो.

शिवाय महागाचं पेट्रोल टाकल्यावर माणूस टायरची हवा तपासतो आणि जरा हळू चालवतो. या दोन्हींनी ॲव्हरेज खरोखर वाढतं.

मोजायचंच असेल तर मेन स्टँडवर, त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कटला थांबायचं. प्रत्येक पेट्रोलच्या निदान चार-पाच टाक्यांची बेरीज एकत्र घ्यायची. एका टाकीवर निष्कर्ष काढू नये.

---

मैलोगणती

+१. पहिली टाकी तर मोजूच नका. टाकीत ९१ चं १० लिटर उरलेलं असताना ३० लिटर ९५ भरलं तर आत ९४ असतं, ९५ नाही.

---

हृषीकेश_प

मग इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं असं सांगतात, पण ॲव्हरेज कमी होतं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ऑक्टेनने फरक पडत नाही, मग कमी का होतं? की जास्त ऑक्टेन नुकसानकारकच आहे?

---

गिअरवाला

हृषीकेश, तुमचा प्रश्न जरा वेगळा आहे, पण बरं झालं विचारलात. इथे ऑक्टेन आणि उष्णता उलट दिशांना जाताना दिसतात. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या आसपास, पेट्रोलपेक्षा खूपच वर. पण त्याच्या एका लिटरात सुमारे २१ मेगाज्यूलच असतात. १० टक्के मिसळलं तर लिटरमागे ०.९ × ३२ + ०.१ × २१, म्हणजे ३०.९. साडेतीन टक्क्यांच्या आत-बाहेर घट. ॲव्हरेज त्यानेच उतरतं, ऑक्टेनने नाही. त्या जादा ऑक्टेनचा फायदा उठवायचा तर कॉम्प्रेशन वाढवून नवं इंजिन बनवावं लागतं. आहे त्या इंजिनात तो पडून राहतो.

---

नीलकांत

तुम्ही सगळे नव्या, ठणठणीत इंजिनाबद्दल बोलताय. लाखभर किलोमीटर झालेलं इंजिन ९१ वर टकटक करतं आणि ९५ टाकलं की गप्प होतं. हे शेकडो लोकांनी स्वतः ऐकलंय. याला काय म्हणणार?

---

दहाबाराचा पाना

याला मी 'खरं आहे' म्हणणार. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये कार्बन साठला की दोन गोष्टी होतात: जळायची जागा कमी होऊन कॉम्प्रेशन थोडं वाढतं, आणि कार्बनचा थर उष्णता धरून ठेवून नवं मिश्रण तापवतो. दोन्हींनी इंजिनाची ऑक्टेनची भूक वाढते. ९५ ने आवाज थांबतो आणि पिस्टन वाचतो. तात्पुरतं म्हणून जरूर टाका.

पण तो आवाज लक्षण आहे, आणि ९५ ने लक्षण झाकलं जातं. ९१ साठी बनवलेलं इंजिन ९१ वर नॉक करत असेल तर मी या क्रमाने बघतो:

आधी कूलंट आणि पंखा. इंजिन ९० अंशांवर चालायला हवं ते १०५ वर चालत असेल तर बाकी काही शोधायची गरज नाही. मग प्लग. जास्त गरम रेंजचा प्लग बसवला असेल तर टोक पांढरंफटक, कधी वितळल्यासारखं दिसतं. नंतर मिश्रण पातळ होतंय का: मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा फाटलेली व्हॅक्यूम नळी हवा ओढत असेल, इंजेक्टर अर्धवट चोंदला असेल, फ्यूल पंपाचा दाब कमी असेल. स्कॅनरवर फ्यूल ट्रिम सतत १० टक्क्यांच्या वर अधिक दिसत असेल तर इथेच थांबून शोधायचं. ईजीआर असेल तर तो चोंदलाय का, कारण परत आत येणारा धूर जळणं थंड ठेवतो आणि तो बंद झाला की अर्ध्या ॲक्सिलरेटरवर टकटक सुरू होते. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर असेल तर टायमिंग लाइट लावून बेस टायमिंग बघायचं. हे सगळं ठीक निघालं तरच कार्बनवर संशय, आणि तो बोअरोस्कोप प्लगच्या भोकातून घालून डोळ्यांनी बघूनच.

यातला प्रत्येक दोष ९५ टाकल्यावर जागच्या जागी राहतो. पातळ मिश्रणावर आवाज न करता चालणारं इंजिन एक्झॉस्ट व्हॉल्व जाळू शकतं.

---

नीलकांत

पण चढ्या पेट्रोलात क्लीनर असतात, त्यांनी कार्बन साफही होतो. म्हणजे फायदा झालाच की.

---

मैलोगणती

क्लीनर आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लीनर ९१ मध्येही घालता येतो आणि काही कंपन्या घालतात. ९५ मध्ये तो आपोआप येतो असं नाही. क्लीनर हवा असेल तर क्लीनरसाठी पैसे द्या, ऑक्टेनसाठी कशाला?

---

नीलकांत

पंपावर क्लीनरवालं ९१ वेगळं मिळत नसेल तर? तिथे ९५ हाच एक पर्याय उरतो. हे मला तरी पटलेलं नाही.

---

जुना कार्बोरेटर

पेट्रोलमधला क्लीनर मुख्यतः इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व धुतो, जिथे पेट्रोल प्रत्यक्ष लागतं. पिस्टनच्या माथ्यावरचा थर त्याने निघतो यावर माझा विश्वास नाही. काही ॲडिटिव्हने थोडा वाढतोसुद्धा. पण यावर जाणकारांतही एकमत दिसत नाही, तेव्हा मी ताणत नाही.

---

चक्रधर

उत्तम चर्चा, मनापासून आभार. पाना, तुमचं छताचं म्हणणं पटलं. पण माझ्या गाडीत ते छत खरंच आहे की नाही, ते बाहेरून तपासता येईल का?

---

हेक्सवाचक

येईल, आणि फार खर्च नाही. ओबीडी पोर्टात लावायचा ईएलएम ३२७ अडॅप्टर आणि फोनवर एखादं टर्मिनल ॲप पुरतं. टायमिंग मागायची आज्ञा अशी:

```
010E
41 0E 9C
```

पहिली ओळ तुमची, दुसरी गाडीचं उत्तर. शेवटचा बाइट `9C` म्हणजे दशमानात १५६. सूत्र `A/2 - 64`, म्हणजे ७८ - ६४ = १४ अंश टीडीसीच्या आधी. सोबत `010F` ने आत येणाऱ्या हवेचं तापमान घ्या (`A - 40`), `0105` ने कूलंटचं (तेही `A - 40`), आणि `0104` ने लोड.

पद्धत: टाकी जवळजवळ रिकामी करून एका प्रकारचं पेट्रोल भरायचं. ईसीयूने शिकून ठेवलेली जुनी दुरुस्ती पुसली जावी म्हणून शंभरेक किलोमीटर साधं चालवायचं. मग एकच रिकामा चढ, तिसरा गिअर, १५०० पासून ३५०० पर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. एकट्याने करू नका, फोन शेजारच्याच्या हातात द्या. नंतर दुसऱ्या पेट्रोलवर हेच, कूलंट आणि हवेचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत जुळेल अशा वेळी. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले तर ९५ तुमच्या इंजिनाने वापरलंच नाही. ९५ चा आलेख सगळीकडे वर असेल तर तुमच्या गाडीत छत उंच आहे आणि नीलकांत यांचा मुद्दा तुमच्या गाडीपुरता बरोबर.

एक मर्यादा लक्षात ठेवा: हा आकडा पहिल्या सिलिंडरचा असतो. ईसीयू प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं मागे घेत असेल तर तिसऱ्यात झालेलं नॉकिंग इथे दिसणार नाही.

---

बाबूराव_ब

वाखू साठवली. हे कोणीतरी आधीच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं असेल ना?

---

गिअरवाला

बाबूराव, केलंय. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या गाड्या डायनोवर घेऊन ताकद, इंधनाचा खप आणि धूर तिन्ही मोजलं. चढ्या पेट्रोलने कशातच म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही.

---

चक्रधर

हेक्सवाचक, तुम्ही सांगितलंत तसं दोन्ही पेट्रोलवर घेतलं. कूलंट दोन्ही वेळी ९० ते ९२. ९५ वर २००० आरपीएमला `9C`, म्हणजे १४. ९१ वरही १४. १५०० ते ३५०० मध्ये दोन्ही आलेख जवळजवळ एकच. फक्त ९१ च्या एका फेरीत २२०० च्या जवळ `97` आला, म्हणजे ११.५. त्या फेरीत आत येणारी हवा ४८ अंश होती. ९५ च्या फेऱ्या सकाळच्या, हवा ३६ अंश.

---

नीलकांत

बघा! अडीच अंश मागे गेला. ९५ वर गेला नाही.

---

दहाबाराचा पाना

नीलकांत, दोन फेऱ्यांत हवेचा १२ अंशांचा फरक आहे. ४८ अंशांच्या हवेत कोपऱ्यातलं मिश्रण आधीच जास्त तापलेलं असतं. तो ११.५ पेट्रोलमुळे आला की हवेमुळे, हे या नोंदीवरून सांगता येत नाही. चक्रधर, त्या खळग्यानंतर परत १४ व्हायला किती वेळ लागला? आणि १४ च्या वर कधी गेला का, कोणत्याही पेट्रोलवर?

---

चक्रधर

दोनेक सेकंदांत परत १४. त्याच्या वर त्या आरपीएमला एकदाही नाही, ९५ वर सुद्धा.

---

दहाबाराचा पाना

मग छत १४ लाच आहे. उरला तो तापलेल्या हवेतला दोन सेकंदांचा खळगा. ९५ वर तो येत नाही हे दाखवायचं तर दुपारी, हवा ४८ ला असताना ९५ ची फेरी घ्यावी लागेल. ती घेण्याआधी एअर फिल्टरच्या डब्याची नळी पुढच्या जाळीकडेच वळलेली आहे ना ते बघा. सर्व्हिसिंगला काढून नीट न बसवल्यामुळे ती कित्येकदा आतल्या गरम बाजूला सुटलेली असते.

---

चक्रधर

पाहिलं. सुटलेली आहे. क्लिपच नाही.

---

नीलकांत

क्लिप बसवा आणि दुपारी दोन्हींवर घ्या. ४० च्या खाली हवा ठेवून ९१ वर १४ टिकला, तर निदान या इंजिनापुरतं मी मान्य करतो. क्लीनरचं नाही.